एक युनिट बंद करताना कामगारांचा हिशोब: लघुउद्योजक संघटनांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील लघुउद्योजक संघटनांचे पदाधिकारी आणि सभासद कारखानदार

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आमच्यापैकी काही जण छोट्या कारखान्यांचे पगारपत्रक आणि कामगारांचे हिशोब सांभाळतात, तर काही जण कामगारांच्या बाजूने वाटाघाटीला बसतात. एरवी टेबलाच्या दोन बाजूंना बसणारी ही माणसे एकत्र येऊन पत्र लिहीत आहेत, कारण एका प्रश्नावर आमचे एकमत आहे. दोन युनिटांपैकी एक बंद करताना कामगारांची देणी ज्या रीतीने काढली जातात ती रीत चुकीची आहे. त्यात कामगाराचे नुकसान होतेच, आणि मालकही दोन-चार वर्षे कोर्टाच्या फेऱ्यांत अडकतो.

पहिली चूक एका आकड्यामुळे होते. "पन्नासच्या आत कामगार असतील तर काही द्यावे लागत नाही," हे वाक्य औद्योगिक वसाहतींत सर्रास ऐकू येते. कायद्यात पन्नासची मर्यादा आहे, पण ती दोन वेगळ्या गोष्टींना. एक म्हणजे ले-ऑफच्या काळातली अर्ध्या पगाराची भरपाई, आणि दुसरी म्हणजे कारखाना बंद करण्याआधी शासनाला द्यायची साठ दिवसांची नोटीस. कपातीची, म्हणजे जास्तीचे कामगार कमी करण्याची, किंवा बंदीची नुकसानभरपाई या मर्यादेत येत नाही. ज्याची एक वर्षाची सलग सेवा झाली आहे अशा प्रत्येक कामगाराला ती लागू होते, मग कारखान्यात आठ माणसे असोत की अठ्ठेचाळीस. वर्ष मोजायची पद्धतही ठरलेली आहे. मागच्या बारा महिन्यांत 240 दिवस भरले की ते सलग सेवेचे वर्ष होते, आणि त्या 240 मध्ये पगारी रजा, ले-ऑफचे दिवस आणि कामावर झालेल्या अपघाताची रजाही धरतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. त्या तारखेनंतरच्या बंदीला 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याऐवजी ही संहिता पाहावी लागते. कलमांचे क्रमांक बदलले आहेत, मूळ चौकट तीच राहिली आहे. कपातीच्या अटी पूर्वी 25-एफ मध्ये होत्या, त्या आता कलम 70 मध्ये आहेत. बंदीची भरपाई 25-एफएफएफ मध्ये होती, ती आता कलम 75 मध्ये आहे. खालचे सगळे विवेचन याच चौकटीत आहे. शासनाच्या परवानगीचा वेगळा भाग आता तीनशे कामगारांपासून पुढे लागू होतो, त्यामुळे तुमच्यापैकी बहुतेकांचा त्याच्याशी संबंध येणार नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. एक युनिट बंद करणे म्हणजे 'बंदी' की 'कपात'? भरपाईची रक्कम दोन्हीकडे 'सेवेच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचे सरासरी वेतन' या एकाच सूत्राने निघते, म्हणून बरेच सल्लागार हा प्रश्न बाजूला सारतात. पण परिणाम फार वेगळे आहेत. कपात असेल तर नोटीस, भरपाई आणि ज्येष्ठता या तिन्हींतल्या चुकीमुळे अख्खी कपातच अडचणीत येते. भरपाई त्याच दिवशी हातात पडली नाही किंवा दोन हजारांनी कमी पडली, तरी कपात बेकायदा ठरू शकते आणि कामगार पुन्हा कामावर घेण्याचा दावा करू शकतो. बंदी असेल तर भरपाई उशिरा दिल्याने बंदी रद्द होत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने 1960 साली हाथीसिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनीच्या निकालात स्पष्ट केले आहे. तिथे रक्कम देणे म्हणून अंगावर राहते आणि वसूल होते, पण नोकरी परत मिळत नाही.

हे ठरवायची कसोटी म्हणजे दोन युनिटे कामाच्या दृष्टीने एकमेकांवर अवलंबून आहेत का. एक थांबले तर दुसरे चालू शकते का, हा प्रश्न न्यायालय आधी विचारते. आपल्यासाठी सर्वात जवळचे उदाहरण मुंबईचेच आहे. ईशा स्टील ट्रीटमेंटच्या प्रकरणात (1987) एकाच मालकाचे हीट ट्रीटमेंटचे दोन कारखाने होते, दोन्हींत एकाच प्रकारचे काम चाले. पहिला बंद झाल्यावर तिथल्या कामगारांनी दुसऱ्यात सामावून घ्यायची मागणी केली. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कारखाने स्वतंत्र मानले आणि पहिल्याची बंदी ही खरी बंदी ठरवली. म्हणजे मालक एक आणि काम एकसारखे, एवढ्यावरून युनिटे एक ठरत नाहीत. उलट दोन शेडवर दोन पाट्या लावल्याने ती वेगळीही ठरत नाहीत.

प्रत्यक्षात हे कागदांवरून कळते. युनिट एकमधून युनिट दोनकडे माल जातो तो कोणत्या कागदावर? विक्रीचे बिल होते की नुसत्या गेट पासवर माल पुढे सरकतो? मस्टर एक आहे की दोन? कारखान्याचा परवाना, पी.एफ. आणि ई.एस.आय.चे कोड वेगळे आहेत का? ऑर्डर जास्त आली की इकडची माणसे तिकडे पाठवली जातात का? हे शेवटचे उत्तर हजेरीपटावरच्या शेऱ्यात दिसते, आणि त्याच शेऱ्यावर मालकाचा 'स्वतंत्र युनिट' हा दावा बहुतेक वेळा कोसळतो. दोन वर्षे प्रेस शॉपमधले हेल्पर असेंब्लीत राबवले असतील, तर बंदीच्या दिवशी अचानक ती दोन युनिटे वेगळी झाली असे म्हणता येत नाही.

एक नमुना घेऊ. समजा एका कारखान्यात 38 कामगार आहेत. युनिट एक म्हणजे प्रेस शॉप, तिथे 22 जण. युनिट दोन म्हणजे पावडर कोटिंग आणि असेंब्ली, तिथे 16. मालकाला प्रेस शॉप बंद करून कंपोनंट बाहेरून घ्यायचे आहेत. प्रेस शॉपमध्ये 2013 साली लागलेला एक फिटर आहे आणि असेंब्लीत 2021 साली लागलेला एक.

दोन्ही युनिटे खरोखर स्वतंत्र असतील तर ही बंदी. 22 जणांना एक महिन्याची नोटीस किंवा त्या महिन्याचा पगार आणि भरपाई द्यायची, आणि असेंब्लीतल्या कुणाला हात लावायची गरज नाही. पण मस्टर एकच असेल, माणसे इकडून तिकडे जात असतील, तर ही कपात ठरण्याचा धोका मोठा आहे. मग कलम 71 प्रमाणे 'शेवटी आला तो आधी जाईल' हा नियम दोन्ही शेडना मिळून लागतो. फिटरच्या यादीत 2021 चा माणूस तळाला आहे. त्याला ठेवून 2013 च्या माणसाला काढले, आणि त्याचे सबळ कारण लिहून ठेवले नाही, तर भरपाई पैशापैशाने बरोबर असूनही कपात टिकणे अवघड आहे. म्हणून ज्येष्ठता यादी प्रवर्गवार करा. फिटर, प्रेस ऑपरेटर, हेल्पर अशा वेगळ्या याद्या काढा, दोन्ही युनिटांच्या एकत्र काढा, आणि कपातीच्या किमान सात दिवस आधी फलकावर लावा. यादीवर कुणी हरकत घेतली तर ती याच आठवड्यात मिटते. नंतर तिचा दावा होतो.

आमचा सल्ला असा की, थोडी जरी शंका असली तरी कपातीचे नियम पाळा. पुढे बंदी ठरली तर त्याने काही बिघडत नाही, आणि कपात ठरली तर तुम्ही वाचता. उलट दिशेने हे खरे नाही. फरक एकच पडतो. संहितेच्या कलम 83 प्रमाणे कामगाराच्या पुनर्कौशल्य निधीत मालकाने शेवटच्या पगाराचे पंधरा दिवस भरायचे असतात, आणि ते कामगाराच्या खात्यात जातात. हे देणे फक्त कपातीत आहे, बंदीत नाही. काही जण हे पंधरा दिवस वाचवण्यासाठी बंदीचा शिक्का मारायला बघतात. माणशी पंधरा दिवसांसाठी अख्ख्या प्रक्रियेची वैधता पणाला लावू नये.

आता हिशोब. 2013 च्या त्याच फिटरचा घेऊ. रुजू 10 ऑगस्ट 2013, कामाचा शेवटचा दिवस 31 मार्च 2026, लेखी नोटीस 28 फेब्रुवारीला हातात दिलेली. त्यामुळे नोटिशीचा महिना भरला आणि नोटीस पगाराचा प्रश्न उरला नाही. 9 ऑगस्ट 2025 ला त्याची बारा वर्षे पूर्ण झाली. पुढचे सात महिने आणि काही दिवस सहा महिन्यांपेक्षा जास्त आहेत, म्हणून हेही पूर्ण वर्ष. एकूण तेरा. ते सात महिने सोडून बारावर थांबणे ही आम्हाला सर्वात जास्त दिसणारी चूक आहे.

त्याचा मासिक पगार 21,000 रुपये आहे. त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 18,000, घरभाडे भत्ता 3,000. मासिक पगाराच्या कामगाराचे 'सरासरी वेतन' म्हणजे आधीच्या तीन पूर्ण कॅलेंडर महिन्यांची सरासरी. इथे डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. मार्च धरायचा नाही, कारण तो पूर्ण झालेला नाही. जुन्या कायद्यात वेतनात घरभाडे भत्ताही येत असे. संहितेच्या व्याख्येत तो वगळला आहे. म्हणून पाया 18,000, त्याचे निम्मे 9,000, आणि तेरा वर्षांचे 1,17,000 रुपये. ही कायद्याने किमान द्यायची रक्कम.

इथे दोन सापळे आहेत. पहिला 26 चा. ग्रॅच्युइटीत महिना 26 दिवसांचा धरून पंधरा दिवस काढतात, आणि तीच सवय भरपाईत येते. कपातीच्या भरपाईत मासिक पगाराला 26 ने भागायचे नाही, निम्मा महिना धरायचा. सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली गुरु जांभेश्वर विद्यापीठाच्या प्रकरणात हे सांगितले आहे. रोजंदारीच्या कामगाराचे मात्र वेगळे आहे. त्याचे सरासरी वेतन आधीच्या बारा पूर्ण कामाच्या दिवसांवरून निघते, म्हणून 700 रुपये रोज असेल तर वर्षाला 700 चे पंधरा पूर्ण रोज, म्हणजे 10,500. त्याची आधी महिन्याची कमाई काढून मग निम्मी केली तर आकडा 9,100 वर येतो आणि माणसामागे दर वर्षी 1,400 रुपये कमी पडतात.

दुसरा सापळा भत्त्यांचा. मूळ पगार 8,000 आणि घरभाडे, प्रवास वगैरे नावाने 13,000, अशी पगारपत्रके छोट्या कारखान्यांत खूप आहेत. संहिता म्हणते की वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात परत मिळवायचा. 21,000 चे निम्मे 10,500. भत्ते 13,000 आहेत, म्हणून 2,500 परत येतात आणि पाया 8,000 ऐवजी 10,500 होतो. 'विशेष भत्ता' नावाचा भत्ता तर वगळण्याच्या यादीतच नाही, तो सरळ वेतनात धरा.

आमच्या फिटरसाठी 21,000 चा पाया धरला असता तर भरपाई 1,36,500 झाली असती, म्हणजे 19,500 चा फरक. आमचे मत असे की ज्याची बारा वर्षे जुन्या कायद्यात गेली त्याला पूर्ण पगारावर भरपाई द्यावी. सक्ती नाही, पण संहिता किमान सांगते, कमाल नाही. तुमच्या कारखान्यात युनियनशी करार असेल आणि त्यात जास्त दर लिहिला असेल, तर तो जास्त दरच लागू होतो. हिशोब काढण्याआधी जुने करार उघडून बघा, आणि शासनाने पंधराऐवजी दुसरा दिवसांचा आकडा अधिसूचित केला आहे का तेही.

भरपाईखेरीज ग्रॅच्युइटी वेगळी. ती पाच वर्षांच्या सेवेनंतर, 15 भागिले 26 ने. 18,000 वर तेरा वर्षांची बरोबर 1,35,000 रुपये होते. भरपाई दिली म्हणून ग्रॅच्युइटी नाही, किंवा ग्रॅच्युइटीत भरपाई आली, असे लिहिलेल्या पावत्या आम्ही पाहतो. दोन्ही हक्क स्वतंत्र आहेत आणि पावतीवर दोन वेगळ्या ओळींत आले पाहिजेत. शिल्लक रजेचे पैसे, चालू वर्षाचा बोनस आणि मार्चचा पगारही वेगळे. पगार आणि थकबाकी शेवटच्या दिवसानंतर दोन कामाच्या दिवसांत द्यायची असते. ग्रॅच्युइटीला तीस दिवस आहेत. कपात असेल तर भरपाईला मात्र एकही दिवस नाही, ती त्याच दिवशी.

'अपरिहार्य परिस्थिती' या सवलतीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ती चुकीच्या ठिकाणी फार वापरली जाते. मालकाच्या हाताबाहेरच्या अपरिहार्य कारणाने बंदी आली तर भरपाई तीन महिन्यांच्या सरासरी वेतनापुरती मर्यादित करता येते. या फिटरच्या बाबतीत 1,17,000 ऐवजी 54,000. रक्कम निम्म्याहून कमी होते, म्हणून मोह होतो. पण कायद्यानेच सांगून ठेवले आहे की आर्थिक अडचण किंवा तोटा, न विकलेला साठा, भाडेकरार किंवा परवान्याची मुदत संपणे, ही कारणे केवळ तेवढ्यावरून अपरिहार्य ठरत नाहीत. गाळ्याचा करार संपला म्हणून युनिट बंद, मोठ्या गिऱ्हाइकाने ऑर्डर काढून घेतली म्हणून युनिट बंद, कंपोनंट बाहेरून स्वस्त पडतात म्हणून युनिट बंद. या तिन्हींत पूर्ण भरपाई द्यावी लागते. सवलत वापरायचीच असेल तर तो प्रसंग कागदांनी सिद्ध करता आला पाहिजे.

राजीनाम्यांबद्दल कळकळीने सांगतो. बंदीच्या आधी कामगारांकडून छापील राजीनाम्यांवर सह्या घेण्याची प्रथा आहे. "लवकर पैसे मिळतील, सही कर." राजीनामा झाला की तो माणूस कागदावर स्वतःहून गेलेला ठरतो. भरपाईचा हक्क वादात जातो. ई.एस.आय.च्या बेरोजगारी भत्त्यासाठी नोकरी मनाविरुद्ध गेलेली असावी लागते, तो दरवाजाही बंद होतो. कपात किंवा बंदीच्या भरपाईवरची पाच लाख रुपयांपर्यंतची आयकर सूट राजीनाम्याच्या रकमेला मिळत नाही. आणि मालकाला काय मिळते? एकाच दिवशी, एकाच मजकुराचे, एकाच पेनाने तारीख घातलेले बावीस राजीनामे पाहून कोणताही समेट अधिकारी काय झाले ते ओळखतो. त्याऐवजी प्रत्येकाला बंदीचे किंवा कपातीचे कारण लिहिलेले पत्र द्या आणि भरपाईच्या हिशोबाची प्रत जोडा.

हेच दुसऱ्या रूपात युनिट दोनमध्ये माणसे घेताना घडते. "इथे राजीनामा दे, तिथे उद्यापासून नवीन जॉइन हो." त्याची तेरा वर्षे पुसली जातात. माणूस खरोखर पुढे हवा असेल तर त्याची बदली करा आणि बदलीच्या पत्रात एक ओळ घाला की सेवा 10 ऑगस्ट 2013 पासून अखंड धरली जाईल. मग भरपाई द्यावी लागत नाही, आणि ती वर्षे पुढच्या हिशोबात राहतात. ज्यांची कपात झाली त्यांच्यासाठीही एक वर्षाची खिडकी आहे. वर्षाच्या आत त्याच प्रवर्गात माणसे घ्यायची झाली तर आधी कपात झालेल्यांना विचारावे लागते. त्यासाठी त्यांचे पत्ते आणि फोन नंबर शेवटच्या दिवशीच लिहून घ्या.

सुपरवायझर कामगार नाहीत असे गृहीत धरून त्यांना वगळू नका. हुद्द्यापेक्षा प्रत्यक्ष काम पाहिले जाते. मशीन स्वतः चालवणारा 'सुपरवायझर' बहुधा कामगारच असतो. ठेकेदाराच्या मस्टरवर दहा वर्षे त्याच प्रेसवर काम केलेल्या माणसांचा प्रश्न मोठा आहे, त्याला या पत्रात न्याय देता येणार नाही. एवढेच सांगतो की ठेकेदाराने त्यांची भरपाई दिली का हे बंदीच्या दिवसाआधी तपासा.

पैशाची अडचण आम्हाला दिसते. युनिट बंद करणाऱ्याकडे रोख कमी असते, देणी मशीन विकूनच भागवायची असतात. खरी बंदी असेल तर हप्त्यांचा करार होऊ शकतो, पण तो समेट अधिकाऱ्यासमोर करा. त्यात प्रत्येकाचे नाव, रक्कम, तारखा आणि कोणते मशीन विकून पैसे येणार हे लिहा. आणि करार होईपर्यंत मशीन हलवू नका. पहाटे ट्रक भरताना कामगारांनी पाहिले की उरलेला विश्वास संपतो, आणि मग वाटाघाटी नाही, तक्रार होते. थकलेली रक्कम वसुली प्रमाणपत्राने जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल होते. कामगारांनाही सांगतो, हा अर्ज एका वर्षाच्या आत करा. 'आज देतो, उद्या देतो' मध्ये ते वर्ष निघून जाते.

संघटनांकडे आमची मागणी छोटी आहे. सभासदाने युनिट बंद करण्याचे कळवले की त्याला हिशोबाचा एक कोरा तक्ता द्या. प्रत्येक कामगारासाठी एक ओळ. त्यात रुजू तारीख, शेवटची तारीख, धरलेली वर्षे, तीन महिन्यांचे वेतन, पायातून वगळलेले भत्ते, निम्मा महिना, भरपाई, आणि मग ग्रॅच्युइटी, रजा, बोनस वेगळ्या रकान्यांत. तो भरून नोटिशीसोबत कामगारांना दाखवायचा. आकडा कुठे चुकला हे नोटिशीच्या महिन्यातच दिसेल, आणि त्या महिन्यात दुरुस्त करायला कुणाचा वकील लागत नाही. हा तक्ता तयार करून द्यायला आणि तुमच्या बैठकीत येऊन समजावून सांगायला आम्ही तयार आहोत.

आपले,
कामगार हिशोब आणि कामगार प्रतिनिधित्व करणारे काही जण